सरेंडर सर्टिफिकेट: पासपोर्ट २०३१ पर्यंत व्हॅलिड असला तरी

प्रश्न: मार्चमध्ये माझी अमेरिकन नागरिकत्वाची ओथ झाली, अमेरिकन पासपोर्ट मागच्या आठवड्यात आला. भारतीय पासपोर्ट २०३१ पर्यंत व्हॅलिड आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून सहा आठवड्यांनी पुण्याला जायचंय. या वेळी भारतीय पासपोर्टवरच जाऊन आले आणि सरेंडर परत आल्यावर केलं तर चालेल का? शिवाय भारतीय पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे आणि नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर सासरचं. मुलगी ११ वर्षांची आहे, तिचा भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड आहे.

उत्तर:

सरेंडर परत आल्यावर केलंत तर फारसं बिघडणार नाही. पण भारतीय पासपोर्टवर जाऊ नका. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि तिथेच घोळ होतो, म्हणून आधी त्या वेगळ्या करते.

मी न्यू जर्सीत कागदपत्रांचं काम करते. ओसीआय म्हणजे माजी भारतीयांना मिळणारं कार्ड, सरेंडर, भारतातल्या कामांसाठी मुखत्यारपत्रं, असलीच कामं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तरी समजूत अशी असते की सरेंडर सर्टिफिकेट मिळालं की भारतीय नागरिकत्व संपतं, तोवर ते चालू असतं. प्रत्यक्षात उलटं आहे. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: भारतीय माणसानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. त्यासाठी अर्ज लागत नाही, शिक्का लागत नाही, कोणाची मंजुरी लागत नाही. तुम्ही मार्चमध्ये हात वर करून शपथ घेतलीत, त्याच क्षणी ते गेलं. सरेंडर सर्टिफिकेट ही त्या गेलेल्या गोष्टीची पावती आहे: अमुक तारखेला या बाईंनी परकीय नागरिकत्व घेतलं आणि आपला पासपोर्ट सरकारकडे जमा केला, एवढंच ती सांगते.

एकदा हे पटलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पासपोर्टवर २०३१ छापलंय ते त्या पुस्तिकेचं आयुष्य. पुस्तिका वापरायचा हक्क नागरिकाचा असतो आणि तुम्ही आता भारताच्या नागरिक नाही. बँकेतून नोकरी सोडलेल्या माणसाकडे ओळखपत्र राहिलं आणि त्यावर पुढच्या वर्षाची तारीख असली, म्हणून तो काउंटरच्या आत जाऊन बसत नाही. तसंच हे.

आता "एकदाच जाऊन येते" याबद्दल. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्यवहारात हे कुठे अडकतं ते सांगते, कारण ते आधी कोणीच सांगत नाही. ओथच्या दिवशी तुमचं ग्रीन कार्ड काढून घेतलं असेल. म्हणजे परत येताना अमेरिकेत शिरायला तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्टच आहे, दुसरं काही नाही. समजा तुम्ही मुंबईत भारतीय पासपोर्टवर उतरलात आणि त्यावर आगमनाचा शिक्का बसला. परतीच्या दिवशी चेक-इनवाले विचारणार, अमेरिकेत जायचा आधार काय? तुम्ही अमेरिकन पासपोर्ट दाखवणार. मग इमिग्रेशनच्या काउंटरवर तोच पासपोर्ट उघडला की त्यात भारताचा व्हिसाही नाही आणि आगमनाचा शिक्काही नाही. म्हणजे या परदेशी बाई भारतात आल्या कधी आणि कशावर?

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं नेमकं हेच झालं. ओथ जूनमधली, डिसेंबरात लग्नाला गेले आणि दोन्ही पासपोर्ट घेऊन गेले. "जाताना कोणी काही विचारलं नाही हो," हे त्यांचं पहिलं वाक्य. जाताना विचारत नाहीतच, कारण भारतीय पासपोर्टवर भारतात शिरणारा माणूस कोणालाच खटकत नाही. परतताना मुंबईला काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवल्या, अमेरिकन पासपोर्टची देण्याची तारीख पाहिली, मग भारतीय पासपोर्टवरच्या शिक्क्याची, आणि गृहस्थांना बाजूला बसवलं. त्या दिवशीचं विमान गेलं. पुढे परदेशी नागरिक म्हणून देशाबाहेर जायची परवानगी काढावी लागली, त्यात दिवस गेले, नवीन तिकीट काढावं लागलं. नंतर इथे येऊन सरेंडरचा अर्ज केला तेव्हा तोच शिक्का पुन्हा पुढे आला आणि दंड भरावा लागला. वाईट त्यांना पैशांचं वाटलं नव्हतं. बायको-मुलं पुढे गेली आणि आपण एकटे बाकावर बसून राहिलो, ते त्यांना लागलं होतं.

"तीन महिने चालतं", "तीन वर्षांपर्यंत काही होत नाही" हेही तुमच्या कानावर येईल. या सवलती लोकांनी हवेतून काढलेल्या नाहीत. पण त्या दंड कधी लावायचा याबद्दलच्या आहेत. पासपोर्ट वापरायची परवानगी त्यातून मिळत नाही. सरेंडरच्या वेळी दंड साधारण तीन कारणांनी लागतो: नागरिकत्व गेल्यावर पासपोर्ट बराच काळ नुसता जवळ ठेवला, त्यावर प्रवास केला, किंवा गंभीर प्रकार म्हणजे नागरिकत्व गेल्यावर नवीन भारतीय पासपोर्ट काढला वा जुन्याचं नूतनीकरण केलं. पहिल्यात लोक सहसा थोडक्यात सुटतात. दुसऱ्यात प्रत्येक प्रवास वेगळा मोजला जातो. तिसऱ्यासाठी पासपोर्ट कायदा १९६७ मध्ये वेगळं कलम आहे आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे, कारण तिथे अर्जदारानं "मी भारतीय नागरिक आहे" असं लिहून दिलेलं असतं. तुम्ही पहिल्याच प्रकारात आहात, तेही दोन-चार महिन्यांपुरत्या. तिथेच राहा.

मग सहा आठवड्यांत काय करायचं? मी तुमच्या जागी असते तर दोन कामं एकाच वेळी सुरू केली असती.

पहिलं, अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा. नातेवाइकांना भेटायला जाणं ई-टुरिस्ट व्हिसात बसतं. अर्ज फक्त indianvisaonline.gov.in वर करा. तशाच दिसणाऱ्या, शेवटी .gov.in नसलेल्या खाजगी साइटी पुष्कळ आहेत आणि त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. फॉर्ममध्ये नागरिकत्व जन्मानं की नॅचरलायझेशननं असं विचारतात. तिथे नॅचरलायझेशन निवडा आणि आधीचं नागरिकत्व भारतीय लिहा. नाव कधी बदललंय का हेही विचारतात, तिथे माहेरचं नाव लिहा. पुष्कळजण इथे कचरतात. "भारतीय होते असं लिहिलं तर सरेंडर मागतील, मग नकोच." पण जन्मस्थळ पुणे, आई-वडील भारतीय आणि आधीचं नागरिकत्व कोरं, असा फॉर्म वाचणाऱ्याला काय वाटेल? खरं लिहा आणि प्रवासात नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची प्रत आणि भारतीय पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत सोबत ठेवा. दूतावासातून नेहमीचा व्हिसा काढायला गेलात तर माजी भारतीय म्हणून तुमच्याकडे सरेंडरची मागणी होतेच. म्हणून या प्रवासापुरता ई-व्हिसाच सोपा.

दुसरं, सरेंडरचा अर्ज आत्ताच टपालानं पाठवा. लोकांना भीती वाटते की अर्ज पाठवला की पासपोर्ट अडकतो आणि प्रवास अडतो. मूळ स्वरूपात जातो तो भारतीय पासपोर्ट, आणि तो तुम्हाला प्रवासाला लागणारच नाही. अमेरिकन पासपोर्टची आणि नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची फक्त प्रत द्यायची. म्हणजे तुम्ही पुण्यात आईजवळ असताना इकडे तुमचं सरेंडर होत राहील. परत आल्यावर सर्टिफिकेट हातात आलं की ओसीआयचा अर्ज. ओसीआयसाठी सरेंडर सर्टिफिकेट अपलोड करावं लागतं, म्हणून हा क्रम उलटा करता येत नाही.

नॅचरलायझेशन सर्टिफिकेटच्या प्रतीबद्दल एक लहानशी गोष्ट. त्या कागदावरच छापलेलं असतं की कायदेशीर अधिकाराशिवाय याची नक्कल काढणं गुन्हा आहे. ते वाचून घाबरलेले लोक मला फोन करतात. एक काका तर झेरॉक्सच्या दुकानातून परत आले होते. ही ताकीद खोट्या वापरासाठी आहे. सरकारी अर्जाला जोडायला प्रत काढणं कायदेशीर आहे आणि सगळीकडे तीच मागतात. प्रत मात्र स्वच्छ हवी: तुमची सही, फोटो, शपथेची तारीख आणि वरचा क्रमांक नीट वाचता आला पाहिजे. फोटोवरचा उठावदार शिक्का काळ्या-पांढऱ्या प्रतीत काळा डाग होतो, म्हणून रंगीत काढा.

अर्ज दोन टप्प्यांत होतो. आधी परदेशातल्या भारतीय दूतावासांसाठीच्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर खातं उघडून Surrender Certificate हा पर्याय निवडायचा, फॉर्म भरायचा आणि छापायचा. त्यावर अर्जाचा संदर्भ क्रमांक येतो. मग दूतावासानं नेमलेल्या अर्ज-केंद्राच्या साइटवर तोच क्रमांक टाकून शुल्क भरायचं आणि टपालाचं लेबल घ्यायचं. अमेरिकेत २०२० च्या नोव्हेंबरपासून हे काम व्हीएफएस या कंपनीकडे आलं. अर्ज कुठल्या वाणिज्य दूतावासाकडे जाणार ते तुम्ही राहता त्या राज्यावर ठरतं, ओथ कुठे झाली त्यावर नाही. न्यू जर्सीवाले न्यूयॉर्ककडे, टेक्सासवाले ह्यूस्टनकडे. पत्त्याच्या पुराव्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्यात सोपं, पण त्यावरचा पत्ता आणि फॉर्ममधला पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे. एकीकडे अपार्टमेंट नंबर आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून माझ्या डोळ्यांदेखत पाकीट परत आलंय.

फॉर्ममध्ये परकीय नागरिकत्वाची तारीख विचारतात. तिथे शपथेची तारीख लिहायची. निम्मे लोक अमेरिकन पासपोर्ट मिळाल्याची तारीख लिहितात, कारण तो हातात आला तेव्हा त्यांना 'झालो अमेरिकन' वाटलेलं असतं. पण पासपोर्ट नंतर येतो, कधीकधी दोन-दोन महिन्यांनी. तारीख चुकली की सर्टिफिकेट चुकीच्या तारखेचं निघतं आणि ओसीआयच्या वेळी नॅचरलायझेशन सर्टिफिकेटशी जुळत नाही. शिवाय शुल्क आणि दंडाचा हिशोब याच तारखेवरून होतो. १ जून २०१० या तारखेची एक रेघ आहे. त्याआधी नागरिकत्व घेतलेल्यांचं शुल्क आणि नियम वेगळे, नंतरच्यांचे वेगळे. तुमचं प्रकरण अर्थातच नंतरचं. शुल्काचा आकडा अर्ज भरतानाच अर्ज-केंद्राच्या साइटवरचा बघून घ्या. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीनं भरलेला आकडा चालेलच असं नाही.

आता नावाचं. इतका वेळ बाकीचं सांगितलं खरं, पण तुमच्या प्रकरणात खरी गाठ इथेच आहे.

मराठी बाईचं नाव पासपोर्टवर कसं चढतं ते बघा. समजा पासपोर्टवर आडनाव 'साने' आणि दिलेलं नाव 'माधवी रघुनाथ'. रघुनाथ वडील. लग्न झालं, इकडे आल्या, ग्रीन कार्डवर आणि पुढे नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर 'माधवी नितीन करंदीकर' झालं. आपल्याकडे हे बघताच कळतं: माहेरचं आणि सासरचं. पण तपासणाऱ्याच्या दृष्टीनं मधलं नावही बदललंय आणि आडनावही. तीन शब्दांतला एकच शब्द जुळतो. काही समाजांत बाईंचं बऱ्याचदा फक्त आडनाव बदलतं. आपलं दोन-तृतीयांश नाव बदलतं, त्यामुळे आपल्याला पुरावा जास्त भक्कम लागतो.

नियम सोपा ठेवा. सरेंडरचा अर्ज भारतीय पासपोर्टवरच्या नावानंच भरायचा, कारण जमा होतोय तो त्या नावाचा पासपोर्ट. सध्याचं नाव फॉर्ममधल्या बदललेल्या नावाच्या रकान्यात आणि सोबतच्या कागदांत. सर्टिफिकेट मिळेल ते माहेरच्या नावाचं, आणि पुढे ओसीआय निघेल ते अमेरिकन पासपोर्टवरच्या नावाचं. या दोघांना जोडणारा पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात नोंदणी केली असेल तर हा दाखला 'नमुना ई' म्हणून मिळतो. त्यावर वधूचं लग्नाआधीचं नाव, वडिलांचं नाव, वराचं नाव, सगळं असतं. म्हणजे त्या एका कागदावर 'रघुनाथ'ही सापडतो आणि 'नितीन'ही. त्याची प्रत जोडलीत की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

अडचण होते ती या दाखल्यावरच चूक असते तेव्हा. एका ताईंच्या दाखल्यावर त्यांचं नाव 'माधुरी' पडलं होतं, पासपोर्टवर 'माधवी'. पंधरा वर्षं कोणी बघितलंच नव्हतं, कारण तो दाखला कपाटातल्या लग्नाच्या अल्बममध्ये होता आणि ग्रीन कार्डाच्या वेळी वकिलानं दुसरे पुरावे जोडले होते. सरेंडरला पाकीट गेलं आणि परत आलं. शेवटी दोन गोष्टी केल्या. इथल्या नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं, की ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, आणि त्यात तिन्ही नावं जशी कागदांवर आहेत तशीच, एका स्पेलिंगचाही फरक न करता लिहिली. आणि भारतात भावाला सांगून दाखला दुरुस्त करायला टाकला. प्रतिज्ञापत्रावर सरेंडर झालं, पण दुरुस्त दाखला पुढे ओसीआयला उपयोगी पडला. तुमचा दाखला आजच काढून एकेक अक्षर बघा. नोटरी करणार असाल तर शिक्का आणि नोटरीची मुदत संपायची तारीख स्पष्ट उमटलीये ना हेही बघा.

आणखी एक शक्यता. काहीजण नॅचरलायझेशनच्या वेळीच कोर्टाकडून नाव बदलून घेतात. म्हणजे लग्नाचा संबंध नाही, मधलं नाव काढून टाकलं किंवा आडनाव छोटं केलं. हे फक्त न्यायाधीशांसमोरच्या शपथविधीतच होतं आणि त्याचा आदेश वेगळ्या कागदावर मिळतो. तुमचं तसं असेल तर तो आदेश हाच पूल, विवाहाचा दाखला पुरणार नाही. पाकिटात नेमका कुठला कागद घालायचा हे नाव कसं बदललं यावर ठरतं. सरसकट "नोटरी करून टाका" असा सल्ला देणारे बरेच असतात. नोटरीचा कागद मूळ पुरावा नसेल तेव्हाचा आधार आहे, मूळ पुराव्याच्या जागी तो चालत नाही.

मुलीचं तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही शपथ घेतलीत तेव्हा मुलगी १८ च्या आतली होती, ग्रीन कार्ड होतं आणि तुमच्याजवळ राहत होती. असं असेल तर अमेरिकेच्या कायद्यानं ती त्याच दिवशी आपोआप अमेरिकन नागरिक झाली. २००१ पासून हा नियम आहे. तिची शपथ नाही, समारंभ नाही, हातात सर्टिफिकेटही नाही, म्हणून घरात कोणाला कळतच नाही आणि आई-वडील तिला भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवर घेऊन निघतात. तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट हवा. ११ वर्षांची असल्यामुळे अर्जाला आई-वडील दोघांनाही तिला घेऊन जावं लागतं, किंवा न येणाऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. सहा आठवडे नेहमीच्या वेगात पुरतील याची खात्री धरू नका, जलद सेवेचे पैसे भरा. १४ दिवसांच्या आत परदेश प्रवास असेल तर पासपोर्ट एजन्सीत थेट अपॉइंटमेंट घेता येते, पण ती मिळेलच या भरवशावर तिकीट काढू नका.

तिचा भारतीय पासपोर्टही सरेंडर होतो. तिच्या अर्जात नागरिकत्वाची तारीख म्हणून तुमच्या शपथेची तारीख येते, आणि पुरावा म्हणून तिचा अमेरिकन पासपोर्ट, तुमच्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची प्रत आणि तिचा जन्मदाखला जोडायचा. सह्या आई-वडील दोघांच्या. जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं, तेही बघून ठेवा. माहेरचं असेल तर तिच्याही पाकिटात विवाहाचा दाखला घाला, नाहीतर तिची आई कोण हाच प्रश्न उभा राहतो. तिचं सरेंडर प्रवासाआधी पाठवता आलं नाही तरी हरकत नाही, परत आल्यावर पाठवा. फक्त तिलाही अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसानंच न्या. तिचा पासपोर्ट वेळेत आला नाही तर ती बाबांजवळ राहील हे आत्ताच ठरवून ठेवा. विमानतळावर ठरवायची ती गोष्ट नाही.

तुम्ही पुण्यात जास्त दिवस राहणार असाल तर तिथल्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयातही सरेंडर करता येतं. पण आईच्या ऑपरेशनच्या धावपळीत तिथल्या फेऱ्या नकोत. इथून टपालानं पाठवणं बरं.

पाकीट बंद करण्यापूर्वी भारतीय पासपोर्टच्या प्रत्येक पानाचा रंगीत स्कॅन काढा, कोऱ्या पानांसकट. पाच मिनिटांचं काम आहे. फोटो २ इंच बाय २ इंच, पार्श्वभूमी पांढरी. सही चौकटीच्या आत, रेषेला न लागता. काही आठवड्यांनी सर्टिफिकेट आणि त्याबरोबर तुमचाच पासपोर्ट परत येईल, कोपरा कापलेला आणि 'रद्द' शिक्का मारलेला. सर्टिफिकेट आल्याबरोबर तीन गोष्टी बघा: नाव भारतीय पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्टचा क्रमांक बरोबर आहे का, आणि नागरिकत्वाची तारीख शपथेचीच आहे का. चूक असेल तर त्याच आठवड्यात कळवा. ओसीआय अडल्यावर कळवलं तर दोन्ही कामं एकमेकांत अडकतात.

तो कापलेला पासपोर्ट मात्र टाकू नका. पुढे पुण्यातल्या फ्लॅटच्या व्यवहारात किंवा गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागताना 'माधवी रघुनाथ साने' म्हणजे कोण हे दाखवायला तुमच्याकडे तेवढाच फोटो असलेला सरकारी कागद असेल. मी माझा सर्टिफिकेटबरोबर एकाच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलाय, विवाहाच्या दाखल्याच्या प्रतीसकट.

तुम्ही कुठल्या राज्यात राहता आणि विवाहाच्या दाखल्यावर नाव नेमकं कसं आहे ते लिहा. नंबर, तारखा, फोटो इथे टाकू नका, नुसते नावाचे तीन शब्द कसे आहेत तेवढं पुरे. प्रतिज्ञापत्र लागेल की नाही ते त्यावरून सांगता येईल.